पोच की संमती? ईमेलमधली तयार उत्तरं स्वीकारताना

आजचा पाठ एका छोट्याशा बटणाबद्दल आहे. फोनवर जीमेल उघडलं की आलेल्या पत्राच्या खाली दोन-तीन गोल कडांच्या चौकटी दिसतात. एकीत ‘थँक यू’, दुसरीत ‘ओके, साउंड्स गुड’, तिसरीत ‘सॉरी, आय कान्ट’. बोट लावलं की उत्तर तयार. याला स्मार्ट रिप्लाय म्हणतात. दुसरी सोय म्हणजे आपण वाक्य टाइप करायला लागलो की पुढचे शब्द फिकट राखाडी अक्षरांत आपोआप उमटतात. संगणकावर टॅब दाबला किंवा फोनवर बोट उजवीकडे सरकवलं की ते आपले होतात. हे स्मार्ट कंपोज.

दोन्ही सोयी उपयोगी आहेत. शाळेच्या कामात दिवसाला पंधरा-वीस मेल येतात, तेव्हा त्या वेळ वाचवतात. पण त्यांनी सुचवलेलं उत्तर आणि आपल्याला द्यायचं असलेलं उत्तर यांत काही वेळा फरक असतो. तो फरक नेमका कुठे पडतो, का पडतो आणि पाठवण्याआधी कसा ओळखायचा, एवढंच आज पाहू.

तयार उत्तर येतं कुठून?

गूगलने ही सोय २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये इनबॉक्स नावाच्या ॲपमध्ये आणली आणि २०१७ मध्ये ती जीमेलच्या फोन ॲपमध्ये आली. ती कशी बनवली याचा शोधनिबंध तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली मूळ रचना समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं.

यंत्र प्रत्येक पत्रासाठी नवं उत्तर रचत नव्हतं. अगणित पत्रांमध्ये लोक पुन्हा पुन्हा वापरतात अशा छोट्या उत्तरांचा एक साठा आधीच तयार केलेला होता. पत्र आलं की यंत्र पाहायचं, अशा प्रकारच्या पत्राला या साठ्यातलं कोणतं उत्तर लोक देण्याची शक्यता जास्त आहे. सर्वांत जास्त शक्यता असलेली तीन उत्तरं चौकटीत यायची. म्हणजे चौकटीतलं उत्तर हे ‘तुम्ही काय ठरवलंय’ याचा अंदाज नसून ‘असं पत्र आलं की बहुतेक लोक काय लिहितात’ याचा अंदाज आहे. तुमच्या मनातला निर्णय, शाळेचा नियम, मुख्याध्यापकांशी सकाळी झालेलं बोलणं यांतलं काही त्या पत्रात लिहिलेलं नसतं, त्यामुळे ते उत्तरातही येत नाही.

यातून दोन परिणाम होतात.

पहिला, साठ्यात येण्यासाठी वाक्य पुष्कळ लोकांनी वापरलेलं असावं लागतं. म्हणून ‘हो, पण बुधवारपर्यंतच’ किंवा ‘माझी हरकत नाही, परीक्षा विभागाला विचारावं लागेल’ अशी अटीची वाक्यं तिथे सापडणं कठीण. अट ही त्या त्या प्रसंगाची असते. आपल्या कामातली निम्मी उत्तरं मात्र ‘हो, पण’ अशीच असतात.

दुसरा परिणाम संशोधकांनी स्वतःच नोंदवला आहे. यंत्राचा कल होकाराकडे झुकायचा. ‘मला जमणार नाही’ यासारख्या उत्तरांना कमी गुण मिळायचे. त्यांनी कारणही सांगितलं आहे: मुळात पत्रव्यवहारात होकार जास्त असतात, आणि नकार द्यायचा झाला तर माणसं तो सरळ न लिहिता आडवळणाने लिहितात. आडवळणाचं प्रत्येक वाक्य वेगळं असतं, त्यामुळे ते साठ्यात येत नाही. उपाय म्हणून त्यांनी असा नियम घातला की पहिल्या दोनांत होकार असेल आणि तिन्हीत एकही नकार नसेल, तर तिसऱ्या जागी मुद्दाम एक नकार ठेवायचा. म्हणून पुष्कळदा चित्र असं दिसतं: दोन मोकळे होकार आणि एक तुटक नकार. मधली जागा रिकामी.

सुरुवातीच्या चाचण्यांमधली एक गंमत गूगलने त्या वेळी स्वतः सांगितली होती. यंत्र कशालाही ‘आय लव्ह यू’ हे उत्तर सुचवायचं! लोक ते वाक्य वारंवार लिहितात, आणि नेमकं काय सुचवावं याची खात्री नसली की यंत्र जास्त प्रचारातल्या वाक्याकडे वळायचं. ती चूक दुरुस्त झाली. पण तिच्यामागचा स्वभाव, म्हणजे खात्री नसली की सगळीकडे खपेल असं गोड वाक्य पुढे करणं, आपण ध्यानात ठेवायला हवा. ‘साउंड्स गुड’ हे तसंच सगळीकडे खपणारं वाक्य आहे.

आता काही खात्यांत पत्र वाचून लांब उत्तरंही सुचवली जातात. तिथे वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण लांब उत्तरात आपण न दिलेलं कारण किंवा आश्वासनही लिहिलेलं असू शकतं. पण छोट्या चौकटीचा पाठ नीट कळला तर लांब मसुदाही त्याच नजरेने तपासता येतो.

आपल्या भाषेतल्या चार पायऱ्या

कार्यालयात कागद आला की आपण आधी पोच देतो. पोच म्हणजे फक्त ‘कागद मिळाला’. त्यावर निर्णय नंतर होतो. मेलच्या उत्तरातही अशा चार पायऱ्या असतात:

१. पोचलं. तुमचं पत्र मिळालं.
२. समजलं. तुम्ही काय सांगताय ते कळलं.
३. बघते. यावर निर्णय व्हायचा आहे, मी पाहते.
४. चालेल. मंजूर. मी असं करीन किंवा तुम्ही असं करा.

बोलताना आपला ‘हो’ या चारही पायऱ्यांवर चालतो. फोनवर समोरचा बोलत असताना आपण ‘हो… हो… हो का… हो’ म्हणत असतो. त्यातले बहुतेक ‘हो’ म्हणजे ‘ऐकतेय’. सूर, थांबणं, शेवटी लावलेलं ‘बघू या’ यावरून ऐकणाऱ्याला नेमकी पायरी कळते. मेलमध्ये सूर नसतो. पालकांनी काही विचारलं आणि आपण ‘येस’ किंवा ‘ओके’ या चौकटीवर बोट लावलं, तर आपल्या मनात पहिली पायरी असते आणि वाचणारा चौथी वाचतो. आपण पोच दिली, त्यांना मंजुरी मिळाली.

शिवाय मेलवर तारीख आणि वेळ असते. तो जपून राहतो, पुढे पाठवता येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली आहे. तोंडी ‘हो हो’ हवेत विरून जातं, मेलमधला ‘येस’ राहतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू

समजा, तुम्ही नववीच्या वर्गशिक्षिका आहात. बुधवारी रात्री एका पालकांचा इंग्रजीत मेल येतो. त्याचा आशय असा:

> मॅडम, मुलीला कालपासून ताप आहे. डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती सांगितली आहे, त्यामुळे ती शुक्रवारच्या घटक चाचणीला येऊ शकणार नाही. तिची चाचणी सोमवारी घेता येईल का? आणि विज्ञानाचा प्रकल्प तिने पुढच्या आठवड्यात दिला तर चालेल ना?

खाली तीन चौकटी दिसतात असं धरू: ‘येस, दॅट्स फाइन’, ‘होप शी फील्स बेटर सून’, ‘सॉरी, दॅट वोन्ट वर्क’.

आता मेल परत वाचा आणि त्यात किती गोष्टी आहेत ते मोजा. पहिली गोष्ट ही माहिती आहे: मुलगी आजारी आहे, शुक्रवारी येणार नाही. तिला उत्तर म्हणून ‘समजलं’ पुरतं. दुसरी ही विनंती आहे, पण निर्णय तुमच्या हातात नाही. फेरचाचणी घ्यायची का आणि कधी, हे परीक्षा विभाग ठरवतो. इथे तुमचं खरं उत्तर ‘बघते’ हे आहे. तिसरीही विनंतीच आहे, आणि ती तुमच्या अधिकारातली आहे. प्रकल्प उशिरा आला तरी हरकत नाही, पण गुण भरायची मुदत गुरुवारी असल्यामुळे बुधवारपर्यंत हवा. म्हणजे ‘चालेल, पण’.

एका मेलला तीन उत्तरं, आणि तिन्ही वेगळ्या पायऱ्यांवरची. चौकटी मात्र संपूर्ण मेलला मिळून एकच उत्तर देतात. त्या एकेक करून पाहू.

‘येस, दॅट्स फाइन’ पाठवलं तर तिन्ही गोष्टी मंजूर झाल्या. पालक शनिवार-रविवार मुलीकडून अभ्यास करून घेतील आणि सोमवारी तिला चाचणीसाठी पाठवतील. शाळेत मात्र परीक्षा विभागाला कल्पना नाही, वेगळी प्रश्नपत्रिका काढलेली नाही. तापातून उठलेली मुलगी वर्गाबाहेर उभी. पालकांनी फोन करून ‘तुम्ही तर हो म्हणालात’ असं म्हटलं तर ते बरोबरच आहेत. त्यांच्याकडे बुधवारी रात्रीचा तुमचा मेल आहे. प्रकल्पाचंही तेच. ‘पुढचा आठवडा’ म्हणजे त्यांच्या लेखी शनिवारपर्यंत, तुमच्या लेखी बुधवारपर्यंत.

‘होप शी फील्स बेटर सून’ हे वाक्य प्रेमळ आहे, आणि म्हणूनच फसवं. ते फक्त पहिल्या गोष्टीला उत्तर देतं. बाकी दोन प्रश्न लोंबकळत राहतात. काही पालक समजतील की मॅडमनी काही हरकत घेतली नाही, म्हणजे होकारच. काही समजतील की मॅडमना उत्तर द्यायचं नाही. दोघांचंही समजणं तुमच्या मनातलं नाही.

‘सॉरी, दॅट वोन्ट वर्क’ हे तर आजारी मुलीच्या आईवडिलांना दारातूनच परत पाठवणं झालं. तुम्ही नकार देणारच नव्हता, आणि द्यायचा असता तरी असा दिला नसता. ‘अहो, मला प्रयत्न करायला आवडेल, पण नियम असा आहे’ अशी सुरुवात केली असती.

कधी कधी एखादी चौकट ‘आय विल चेक अँड लेट यू नो’ अशी असते. ती खऱ्या उत्तराच्या सर्वांत जवळ जाते. पण कोणाला विचारणार आणि कधीपर्यंत कळवणार हे तिच्यात नाही. पालक शुक्रवारी वाट पाहतील, शनिवारी पाहतील, आणि रविवारी रात्री फोन करतील.

मग काय लिहायचं? फार काही नाही. चार वाक्यं:

> काळजी घ्या, शुक्रवारची तिची गैरहजेरी मी नोंदवून घेते. फेरचाचणीचा निर्णय परीक्षा विभागाचा असतो, मी उद्या विचारते आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवते. तोपर्यंत सोमवार नक्की धरू नका. प्रकल्प बुधवारपर्यंत आणला तर चालेल.

हे टाइप करायला दीड-दोन मिनिटं लागतात. यात प्रत्येक गोष्टीची पायरी वेगळी दिसते: ‘नोंदवून घेते’, ‘विचारते’, ‘नक्की धरू नका’, ‘चालेल’. क्रियापदच पायरी सांगतं. चौकटीतल्या उत्तरात बहुधा असं नेमकं क्रियापद नसतं, म्हणून ते कोणत्याही पायरीवर बसतं.

पालकांसाठी: नकारार्थी प्रश्न आणि ‘येस’

आता उलट बाजू पाहू. पालकांना येणाऱ्या मेलमध्ये एक खास जागा आहे, जिथे मराठी माणूस हमखास अडखळतो.

शाळेच्या बसची व्यवस्था पाहणारे विचारतात, ‘सो युवर सन इज नॉट टेकिंग द बस टुमॉरो?’ म्हणजे मुलगा उद्या बसने येणार नाही ना? मराठीत आपण म्हणतो, ‘हो, येणार नाही.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या वाक्याला असतो: तुम्ही म्हणता ते बरोबर. इंग्रजीत मात्र मुलगा येणार नसेल तर उत्तर ‘नो’ असं येतं: नो, ही इज नॉट. नुसतं ‘येस’ पाठवलं तर वाचणारा दोन्ही प्रकारे वाचू शकतो. बसवाल्यांनी ‘येस, येणार’ असं वाचलं तर बस तुमच्या कोपऱ्यावर थांबून राहील, बाकीच्या मुलांना उशीर होईल. त्याहून वाईट म्हणजे उलटा गोंधळ: मुलगा कोपऱ्यावर उभा आणि बस निघून गेलेली.

‘डू यू माइंड’ने सुरू होणारा प्रश्नही असाच. ‘तुमची हरकत आहे का?’ असा त्याचा अर्थ. इथे ‘येस’ म्हणजे हरकत आहे! घाईत शेवटचेच शब्द वाचले तर होकार द्यायच्या नादात आपण हरकत घेऊन बसतो.

उपाय एकच. प्रश्नात ‘नॉट’ किंवा ‘माइंड’ दिसला की चौकटीला हात लावायचा नाही. पूर्ण वाक्य लिहायचं: ‘उद्या तो बसने येणार नाही, मी स्वतः सोडीन.’ पूर्ण वाक्याचे दोन अर्थ होत नाहीत. आणि शिक्षकांनीही पालकांना असे उलटे प्रश्न विचारू नयेत. ‘उद्या बसने येणार आहे की नाही?’ असं विचारलं की उत्तर आपोआप स्पष्ट येतं.

वाक्याच्या मध्ये येणारी राखाडी अक्षरं

स्मार्ट रिप्लाय संपूर्ण उत्तर देतो, तर स्मार्ट कंपोज आपलं वाक्य पुरं करतो. ही सोय गूगलने २०१८ च्या मे महिन्यात जाहीर केली. आपण टाइप करत असतानाच सूचना यायला हवी, म्हणून तिला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत काम करावं लागतं. पत्राचा विषय, आधीचा मेल आणि आत्तापर्यंत लिहिलेले शब्द यांवरून ती पुढचे शब्द सुचवते.

इथे चूक शोधणं जास्त कठीण जातं, कारण वाक्याचा पहिला अर्धा भाग आपलाच असतो. डोळा पुढचा भागही आपलाच समजून वाचतो.

याचं प्रसिद्ध उदाहरण गूगलमधलंच आहे. २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या एका संशोधकाने ‘पुढच्या आठवड्यात मी एका गुंतवणूकदाराला भेटणार आहे’ असं इंग्रजीत टाइप केलं, तेव्हा पुढचा प्रश्न सुचवला गेला: ‘तुला त्याला भेटायचंय का?’ गुंतवणूकदार बाई असू शकते हे यंत्राच्या हिशेबात नव्हतं. अखेर कंपनीने स्त्री-पुरुष दर्शवणारी इंग्रजी सर्वनामं सुचवणंच बंद केलं. ती चूक पकडली गेली, कारण ती एका शब्दात दिसत होती. आपल्या प्रगती अहवालातल्या चुका इतक्या उघड नसतात.

समजा तुम्ही एका मुलाबद्दल लिहिताय की तो वर्गात शांत असतो आणि गेल्या महिन्यापासून जरा जास्तच शांत झालाय. तुम्ही इंग्रजीत ‘ही इज डूइंग’ एवढं लिहिता आणि पुढे ‘वेल’ किंवा ‘ग्रेट’ उमटतं. टॅब दाबला जातो. झालं! ज्या काळजीसाठी पत्र लिहायला घेतलं ती पहिल्याच वाक्यात पुसली गेली. पुढे तुम्ही काळजी मांडलीत तरी पालक पहिलं वाक्य धरून बसतात: ‘मॅडम म्हणाल्या की छान चाललंय.’

सुचवलेल्या शब्दांचा सूर लिहिणाऱ्याच्या सुरात उतरतो, हे अभ्यासातही दिसलं आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना रेस्टॉरंटबद्दल अभिप्राय लिहायला दिले. ज्यांना गोड शब्द सुचवले गेले त्यांचं लिखाण जास्त गोड झालं. म्हणून प्रगती अहवालात विशेषणं सुचवलेली घेऊ नयेत. ‘थँक यू फॉर युवर’च्या पुढे ‘टाइम’ घेतला तर काही बिघडत नाही. मुलाचं वर्णन करणारा शब्द मात्र आपलाच हवा.

मराठीत टाइप करताना

फोनच्या मराठी कीबोर्डवरही वरच्या पट्टीत पुढचा शब्द सुचतो. मराठीची रचना इंग्रजीपेक्षा वेगळी आहे, आणि तिथे एक खास जोखीम आहे. इंग्रजीत ‘नॉट’ वाक्याच्या मध्यात येतो. मराठीत होकार-नकार बहुधा अगदी शेवटच्या शब्दावर ठरतो. ‘उद्याच्या सभेला मी येऊ शकणार’ इथपर्यंत वाक्य आलं तरी अर्थ ठरलेला नाही. ‘आहे’ की ‘नाही’, हा एकच शब्द उरलाय. नेमका तोच शब्द आपण पट्टीतून उचलायला जातो, कारण वाक्य संपत आलेलं असतं आणि लक्ष पुढच्या कामाकडे गेलेलं असतं.

क्रियापदाच्या शेवटालाच लिंगही असतं: ‘कळवतो’ की ‘कळवते’. तिथेच आदरही असतो: ‘ये’ की ‘या’, ‘पाठव’ की ‘पाठवा’. आजोबा पालक म्हणून येणाऱ्या घरात ‘फॉर्म भरून पाठव’ असा निरोप गेला तर अर्थ कळेल, पण मान दुखावेल. म्हणून मराठीपुरता एक साधा नियम: मधले शब्द हवे तर पट्टीतून घ्या, शेवटचा शब्द स्वतः टाइप करा.

मग स्वीकारावं कधी?

सगळंच नाकारायचं कारण नाही. बोट लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: समोरच्याने हे उत्तर अक्षरशः खरं धरून उद्या तसंच केलं, तर मला चालेल का? ‘वेळापत्रक जोडलं आहे’ या मेलला ‘थँक यू, रिसीव्ह्ड’ हे उत्तर अक्षरशः खरं आहे. जरूर पाठवा. ‘मीटिंग चारऐवजी साडेचारला’ याला ‘ओके’ चालेल, जर साडेचारला तुम्ही खरोखर मोकळे असाल. पण मेलमध्ये एकाहून जास्त प्रश्न असतील, पैसा, तारीख, गुण किंवा परवानगी यांचा विषय असेल, किंवा कोणाचं दुःख, आजारपण असेल, तर स्वतःच्या शब्दांत लिहावं.

दुःखाच्या मेलबद्दल आणखी एक गोष्ट. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तयार उत्तरांमुळे संवाद वेगाने झाला, भाषाही जास्त गोड झाली. पण समोरची व्यक्ती तयार उत्तरं वापरतेय असा संशय ज्यांना आला, त्यांचं तिच्याबद्दलचं मत खाली गेलं. शोकसंदेशाला आलेलं तयार वाक्य ओळखू येतं, आणि लक्षातही राहतं.

दोन सेटिंग

जीमेलमध्ये चौकटीवर बोट लावल्यावर ते उत्तर आधी लिहिण्याच्या जागेत येतं. तिथे ते बदलता येतं, ‘येस’च्या पुढे ‘पण’ जोडता येतो. पुष्कळांना हे माहीत नसल्यामुळे ते लगेच पाठवा दाबतात. काही चॅट ॲपमध्ये आणि फोनच्या सूचनापट्टीत मात्र एका स्पर्शात उत्तर थेट जाऊ शकतं, तिथे जास्त जपावं.

संगणकावर दातेरी चाकाच्या खुणेवरून `See all settings` आणि मग `General` मध्ये गेलं की `Smart Reply` आणि `Smart Compose` वेगवेगळे बंद करता येतात. तिथेच `Undo Send` आहे. तो मुळात ५ सेकंदांवर असतो. तो ३० वर न्या. यात मेल परत बोलावला जात नाही, तो पाठवण्याआधी तेवढा वेळ थांबवून ठेवला जातो. ३० सेकंद संपले की उपाय नाही. शेवटी पानाच्या तळाशी `Save Changes` दाबायला विसरू नका.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम (इयत्ता आठवी-नववी, एक तासिका)

फळ्यावर वरचा आजारी मुलीचा मेल लिहा. मुलांचे चार-चारचे गट करा. प्रत्येक गटाला ‘येस, दॅट्स फाइन’ हे उत्तर मिळालंय असं सांगा आणि पालक म्हणून ते सोमवारी काय करतील ते लिहायला सांगा. मग मेलमधल्या प्रत्येक गोष्टीसमोर पोचलं, समजलं, बघते, चालेल यांपैकी एक शब्द लिहायला लावा. शेवटी त्या चार शब्दांवरून, तयार वाक्य न वापरता, चार ओळींचं उत्तर लिहून घ्या.

तपासताना शुद्धलेखन नंतर पाहा. आधी प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि शेजारच्या गटाला विचारा, या शिक्षिकेने नेमकं काय कबूल केलंय? शेजारच्या गटाचं उत्तर आणि लिहिणाऱ्या गटाच्या मनातलं उत्तर जुळलं, तर ते पत्र बरोबर.